ट्रे मोजायचे की जागा?

सोलापुरी चादर जाड सुताची असते, पायाखाली मऊ लागते आणि ओल लगेच आत ओढून घेते. ट्रेवर जायला घाबरलेलं मांजर नेमकी अशीच जागा शोधतं. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी गेल्या उन्हाळ्यात एका महिन्यात तीन चादरी अशा भिजल्या. घरात चार मांजरं आहेत: मनी, तिची लेक चिमी, नसबंदी केलेला बोका भुऱ्या आणि सगळ्यांत शेवटी आलेली ठकी. चौघांसाठी पाच ट्रे ठेवलेले होते. जितकी मांजरं, त्याहून एक ट्रे जास्त, हा सगळीकडे सांगितला जाणारा नियम आम्ही तंतोतंत पाळला होता. तरीही चादर ओली व्हायची, म्हणून मी हा प्रश्न मुळापासून पाहायला घेतला. नियम कुठून आला, त्यातलं किती तपासलेलं आहे आणि सोलापूरसारख्या कडक उन्हाच्या, पाण्याची ओढ असलेल्या गावात त्याचं काय होतं, हे मला समजून घ्यायचं होतं.

आधी हे सांगायला हवं की ट्रेचा प्रश्न आपल्याकडे नवा आहे. माळवदाच्या घरात मांजर धाब्यावरून, परसातून, शेजारच्या पडक्या वाड्यातून आपलं आपण जाऊन यायचं. माती भरपूर होती आणि माणसाला त्यात लक्ष घालावं लागत नव्हतं. जिथे मांजर घरात कोंडलेलं असे, तिथे राख किंवा वाळू वापरत. अमेरिकेतही तसंच होतं. १९४७ साली मिशिगनमधल्या एडवर्ड लो यांनी राखेऐवजी भाजलेल्या चिकणमातीचे दाणे विकायला सुरुवात केली, आणि मांजर पूर्णवेळ घरात ठेवणं शक्य झालं. ओलाव्यानं गोळा होणारी बेंटोनाइट माती १९८०च्या दशकात आली. आज आपल्या दुकानांत मिळणारं बहुतेक लिटर याच जातीचं, आणि बेंटोनाइटच्या मोठ्या खाणी आपल्या कच्छमध्ये आणि राजस्थानात बाडमेरकडे आहेत. फ्लॅट वाढले, रस्ते वाहते झाले, गल्लोगल्ली कुत्र्यांच्या टोळ्या आल्या, तशी सोलापुरातली मांजरंही दारामागे आली. त्यांच्यासोबत ट्रे आला.

आता नियमाकडे येऊ. ‘मांजरं अधिक एक’ हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून निघालेला नाही. एकाच घरात आधी तीन, मग चार, मग पाच ट्रे ठेवून त्याची नीट तुलना केली आणि त्यातून हा आकडा सापडला, असं घडलेलं नाही. तो अनुभवी पशुवैद्यांचा व्यवहारी अंदाज आहे. अंदाज म्हणून तो चांगलाच आहे, पण त्याच्या पोटात दोन वेगळी कारणं एकत्र बांधलेली आहेत आणि ती सुटी केल्याशिवाय आपल्या घराला किती ट्रे लागतील हे कळत नाही. पहिलं कारण घाणीच्या भाराचं, दुसरं वाटेचं.

भाराचा हिशोब सोपा आहे. निरोगी मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा शू करतं आणि एकदा शी. चार मांजरांचे मिळून दिवसाला ओल्या मातीचे आठ ते सोळा गोळे आणि शीचे चारेक लेंडके होतात. एकच ट्रे असेल तर संध्याकाळपर्यंत त्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. तेच पाच ट्रेंत वाटलं तर प्रत्येकात तीन-चार गोष्टी पडतात. २०१७ साली एलिस, मॅकगोवन आणि मार्टिन या संशोधकांनी अनेक मांजरांच्या घरात वापरलेल्या ट्रेचा प्रयोग प्रसिद्ध केला. आधीच्या वापरातल्या नेमक्या कशामुळे मांजर मागे फिरतं, हे त्यांना पाहायचं होतं. म्हणून त्यांनी वास आणि अडथळा वेगळे केले आणि एका प्रकारात वास नसलेली खोटी शी ठेवली. मांजरांनी स्वच्छ ट्रे पसंत केला, पण त्यांना अडवणारी गोष्ट वासापेक्षा वाटेत पडलेली वस्तू ही होती. ती शी स्वतःची की दुसऱ्या मांजराची, यानं फारसा फरक पडला नाही.

माझ्या दृष्टीनं या सगळ्या विषयातला हा सर्वांत उपयोगी निष्कर्ष आहे. त्याचा अर्थ असा की भाराच्या बाबतीत ट्रेची संख्या आणि झारा एकमेकांची जागा घेऊ शकतात. दिवसातून एकदा उपसले जाणारे पाच ट्रे आणि दोनदा उपसले जाणारे तीन ट्रे, पायाखालच्या मोकळ्या जागेच्या दृष्टीनं साधारण सारखेच. घरात दिवसभर कुणी असेल तर एखादा ट्रे कमी चालतो. सगळे सकाळी नऊला बाहेर पडून रात्री आठला परतणार असतील तर नियमाचा तो जादाचा एक ट्रे खरोखर लागतो. वाटेचं मात्र तसं नाही. कितीही वेळा उपसलं तरी ज्या ट्रेपर्यंत मांजर पोचूच शकत नाही, तो त्या मांजरासाठी अस्तित्वात नसतो.

आमच्या घरी नेमकं हेच झालं होतं. पाचातले तीन ट्रे पश्चिमेच्या बाल्कनीत ओळीनं मांडलेले होते आणि दोन न्हाणीघराच्या बोळात शेजारी शेजारी. घाण एका बाजूला राहावी हा माणसाचा विचार त्यामागे होता. चादर कोण भिजवतं ते कळेना, म्हणून आम्ही जुना फोन कपाटावर ठेवून चार संध्याकाळी चित्रण केलं. भुऱ्या बाल्कनीच्या उंबऱ्यावर आडवा पडलेला दिसत होता. त्यात भांडण नव्हतं, फिस्कारणं नव्हतं. तो नुसता पडून होता आणि ठकी आली की मान वळवून तिच्याकडे एकटक पाहत होता. ठकी सोफ्याच्या टोकापर्यंत यायची, बसायची, पंजा चाटायची आणि मागे फिरायची. आम्ही रोज हे पाहत होतो आणि बोका दारात सुस्तावलाय असं समजत होतो. मांजरांची दादागिरी बहुतेक वेळा अशीच गुपचूप असते. वाट अडवणारा डोळे वटारतो, अडवलेला नजर टाळतो, आणि घरच्या माणसांना सगळं शांत वाटतं.

म्हणजे बाल्कनीतले तीन ट्रे ठकीच्या हिशोबात एकच होते, कारण तिन्हींकडे जाणारं दार एक आणि ते एका मांजरानं बंद होत होतं. बोळातले दोन ट्रेही एकच जागा. बोळाला दुसरं तोंड नव्हतं, आत गेलेलं मांजर बाहेर पडताना पकडलं जायचं. पाच ट्रे होते, पण जागा दोनच. एकमेकांना चिकटून ठेवलेले ट्रे मांजर एकच मोठा ट्रे म्हणून धरतं, हे मार्गदर्शिका वारंवार सांगतात आणि तरी सगळ्यांत जास्त चूक इथेच होते. २०१३ साली अमेरिकेतली मांजरवैद्यांची संघटना आणि आंतरराष्ट्रीय फेलाइन मेडिसिन सोसायटी यांनी मांजरांच्या घरच्या गरजांवर एकत्र मार्गदर्शिका काढली. त्यात अन्न, पाणी, झोप आणि शौच यांच्या जागा अनेक असाव्यात आणि एकमेकींपासून वेगळ्या असाव्यात, यावर भर आहे. ‘अनेक’ हा शब्द लोकांच्या लक्षात राहिला. ‘वेगळ्या’ हा शब्द मागे पडला.

मग जागा किती हव्यात? इथे मांजरं मोजण्यापेक्षा त्यांचे गट मोजणं जास्त नेमकं ठरतं. एकमेकांना चाटणारी, अंगाला अंग लावून झोपणारी, भेटल्यावर डोकं घासणारी मांजरं एका गटातली. एकाच खोलीत पण दोन हातांचं अंतर ठेवून झोपणारी मांजरं एका गटातली असतीलच असं नाही. ती फक्त एकमेकांना सहन करत असतात. मनी आणि चिमी एक गट. भुऱ्या एकटा. ठकी एकटी. म्हणजे तीन गट आणि निदान तीन जागा, त्याही अशा की एका मांजराला एका ठिकाणी बसून दोन जागांवर नजर ठेवता येऊ नये. त्यावर एक जादा जागा मिळाली तर उत्तम. एकाच वेताची दोन भावंडं असलेल्या घरात दोन जागा पुरतात. एकमेकांशी न पटणारी तीन मांजरं असतील तर तीन ट्रे हे अगदी किमान, चार बरे.

यात सोलापूर एक गोष्ट घालतं, ती थंड देशांतल्या मार्गदर्शिकांत सापडत नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो. पश्चिमेच्या बाल्कनीतली फरशी आणि तिच्यावरची माती दुपारी बारा-एकपासून ऊन उतरेपर्यंत इतकी तापते की उघडा हात ठेववत नाही. मांजराच्या पंज्याची गादी नाजूक असते. दुपारी त्या ट्रेंवर कुणीच जात नव्हतं. मनीसुद्धा नाही, आणि तिला तर भुऱ्याची काहीच अडचण नव्हती. म्हणजे दुपारी घरातल्या जागा दोनावरून एकावर यायच्या. चादर नेहमी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यानच ओली का सापडते, याचं उत्तर तिथे होतं. गच्चीवर, बाल्कनीत, पत्र्याच्या पडवीत ठेवलेला ट्रे उन्हाळ्यात अर्धाच धरावा. सकाळ-रात्रीसाठी तो चांगला, पण दुपारचा हिशोब त्याच्याशिवाय करायचा. पावसाळ्यात उलटं होतं. वाऱ्यानं शिंतोडे आत येतात, बेंटोनाइटचा चिखल होतो, गोळे ट्रेच्या तळाला चिकटतात आणि मांजर त्या चिकट मातीत पाय घालायला तयार होत नाही.

आता आकार. संख्येवर एवढी चर्चा होते आणि आकारावर जवळजवळ नाही, याचं मला वाईट वाटतं, कारण आकाराच्या बाजूनं पुरावा उलट जास्त ठोस आहे. २०१४च्या दुसऱ्या एका मार्गदर्शिकेत, जी खास घरात घाण होण्याच्या तक्रारीवर आहे, ट्रेची लांबी नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट असावी असं सांगितलं आहे. त्याच वर्षी संशोधक गाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांजरांना नेहमीच्या मापाचा आणि सुमारे ८६ सेंटिमीटर लांबीचा असे ट्रे दिले, तेव्हा त्यांनी मोठा ट्रे स्पष्टपणे जास्त वापरला. भुऱ्याला मी शिवणाच्या टेपनं मोजलं. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत ४८ सेंटिमीटर भरला. त्याची दीडपट ७२. दुकानातून आणलेले आमचे पाचही ट्रे ४५ सेंटिमीटरच्या आतले. तो उभा राहिला की पुढचे पाय ट्रेच्या काठावर आणि मागचे आत. गोल फिरून जागा निवडायची, खणायचं, बसायचं, वळून झाकायचं, एवढ्या सगळ्या हालचालींना तिथे वावच नव्हता. काठावर तोल सांभाळत बसणारं, न झाकता उडी मारून पळणारं, ट्रेबाहेरची फरशी खरवडणारं मांजर हेच सांगत असतं की जागा तोकडी आहे.

घमेलं वापरणारी घरं सोलापुरात पुष्कळ आहेत. पिल्लू लहान असेपर्यंत ते ठीक. पण घमेल्याचा व्यास ४०-४५ सेंटिमीटर आणि तळ उतरता, त्यामुळे मोठं मांजर त्यात सरळ उभंही राहत नाही. आम्ही मंगळवार पेठेतून कपडे ठेवायचे लांबट प्लास्टिकचे खोके आणले, ७० बाय ४५चे. झाकण बाजूला ठेवलं. एका लांब बाजूला तापवलेल्या सुरीनं मधोमध खाच कापली, तळापासून दहा-बारा सेंटिमीटर उंचीवर, आणि कापलेली कडा काचकागदानं घासून गुळगुळीत केली, म्हणजे पोटाला लागत नाही. बाकीच्या तीन भिंती उंच राहिल्यानं माती उडत नाही. म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या मांजरासाठी खाच आणखी खाली घ्यावी. झाकणाच्या ट्रेबद्दल लोक ठामपणे दोन्ही बाजूंनी बोलतात. २०१३ साली ग्रिग आणि सहकाऱ्यांनी २७ मांजरांना दोन्ही प्रकार दिले. बहुतेकांना फरक पडला नाही. ज्या आठांना पडला त्यांपैकी चारांनी झाकलेला निवडला आणि चारांनी उघडा. ज्या घरात वाट अडवणारं मांजर आहे तिथे मात्र मी झाकण वापरणार नाही. आत बसलेल्याला बाहेरचं दिसत नाही आणि निसटायला एकच भोक असतं.

मोठ्या ट्रेचा खर्च मातीत आहे, आणि तो लपवून उपयोग नाही. ७० बाय ४५च्या खोक्यात पाच सेंटिमीटर थर द्यायचा म्हटलं तर जवळजवळ सोळा लिटर माती लागते, म्हणजे बेंटोनाइटचं वजन साधारण पंधरा किलो. असे पाच ट्रे म्हणजे पंचाहत्तर किलो, आणि रोज उपसल्यावर घालायची भर वेगळी. पैसे मोजकेच असतील तर मी पाच लहान ट्रेंपेक्षा तीन मोठे निवडीन, पण तीन वेगळ्या ठिकाणी. नदीची वाळू स्वस्त पडते, मात्र तिचे गोळे होत नाहीत. शू तळाशी उतरते, वरून कोरडं दिसतं आणि उन्हाळ्याच्या उष्म्यात जिवाणू तिचा अमोनिया झपाट्यानं करतात. वाळू असेल तर दर दोन-तीन दिवसांनी सगळी बदलावी लागते.

जागेचा हिशोबही मांडून पाहू. कुंभारीजवळ असंघटित कामगारांसाठी उभ्या राहिलेल्या रे नगरातलं घर सुमारे तीनशे चौरस फुटांचं. आमच्या मापाचा एक खोका साडेतीन चौरस फुटांहून थोडा कमी जागा घेतो. चार मांजरांसाठी नियमाप्रमाणे पाच खोके म्हणजे सतरा चौरस फूट, घराच्या अठराव्या हिश्श्याच्या आसपास, तेही कोपऱ्यांतलं. माणसांनाच पाय पसरायला जागा नसताना हे जमत नाही आणि जमवण्याचा आग्रह धरू नये. अशा घरात दोन गट असतील तर दोन खोके पुरेत: एक स्वयंपाकाच्या ओट्यापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, दुसरा दुसऱ्या खोलीत पलंगाखाली, पलंग उंच असेल तर. दिवसातून तीनदा झारा फिरवायचा. पाचव्या मांजराला मात्र तिथे नाही म्हणावं लागतं. मांजरांची संख्या ठरवताना ट्रे किती मावतात आणि किती उपसून होतात, हे आधी पाहायला हवं. फेब्रुवारी २०२५मध्ये पुण्यात हडपसरच्या एका सदनिकेत तीनशेहून जास्त मांजरं असल्याच्या बातम्या आल्या आणि महापालिकेनं ती हलवण्याची नोटीस काढली. तीनशे मांजरांचे दिवसाला निदान सहाशे गोळे होतात. तिथे कुठलाच नियम लागू पडत नाही.

पाण्याचंही पाहावं लागतं. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे ट्रे धुण्याचा वार पाण्याच्या वारावर ठरतो. रोजची सफाई झाऱ्यानं कोरडीच करायची. तिला पाणी लागत नाही. पाणी आलं की एका वेळी एकच खोका रिकामा करून साध्या साबणानं धुवायचा, उन्हात वाळवायचा, पुढच्या पाण्याला दुसरा. सगळे एकदम धुतले तर घरात एकही ओळखीचा वास उरत नाही आणि बुजरं मांजर गोंधळतं. फिनाइल अजिबात वापरू नये. त्यातली फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि तो उग्र वास मांजराला ट्रेपासून पळवतो. बेंटोनाइट संडासात टाकू नये. ते फुगतं आणि नळी तुंबते. गर्भवती बाईनं हे काम दुसऱ्याकडे सोपवावं. मांजराच्या शीतून येऊ शकणाऱ्या टोक्सोप्लाझ्माला संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोज उपसण्यानं इतरांचंही रक्षण होतं.

आम्ही मांडणी बदलली ती एका झटक्यात नाही. जुने ट्रे जागेवर ठेवून आधी एक मोठा खोका आतल्या खोलीत खिडकीखाली ठेवला, जिथून पलंगावर उडी मारूनही निघता येतं आणि दारातूनही. ठकीनं दुसऱ्याच दिवशी तो वापरला. मग दुसरा दिवाणखान्यात, टीव्हीच्या टेबलाआड, दोन्ही बाजूंनी मोकळा. वॉशिंग मशीनजवळची जागा आम्ही मुद्दाम टाळली. मशीन मधेच खडखडलं की मांजर एकदा दचकतं आणि मग त्या ट्रेवर महिनाभर जात नाही. जेवणाच्या वाट्या दुसऱ्या टोकाला नेल्या. आठवडा गेल्यावर बोळातला एक ट्रे काढला, दुसऱ्या आठवड्यात बाल्कनीतले दोन. आता चार खोके चार ठिकाणी आहेत, पाचाऐवजी चार. बाल्कनीतला खोका मार्च ते मे आत घेतो. भुऱ्या अजूनही उंबऱ्यावर पडून असतो, पण एका वेळी एकच उंबरा अडतो. भिजलेल्या चादरी एन्झाइमच्या धुण्याच्या पावडरीत रात्रभर भिजवून धुतल्या. नुसत्या साबणानं वास माणसाला जातो, मांजराला नाही.

खोके वाढवून सुटत नाही अशा दोन गोष्टी ओळखता यायला हव्यात. मांजर उभ्यानं, शेपटी थरथरवत, दाराच्या चौकटीवर किंवा पडद्यावर थोडीशी फवारणी करत असेल तर ते हद्द आखतंय. बसून, सपाट जागेवर, भरपूर केलेली शू वेगळी. हद्द आखणाऱ्या बोक्याची नसबंदी झालेली नसेल तर ती आधी करावी. दहांतल्या नऊ बोक्यांची सवय त्यानं थांबते किंवा खूप कमी होते. दुसरी गोष्ट तातडीची. बोका पुन्हा पुन्हा ट्रेवर जातोय, जोर करतोय, ओरडतोय आणि मातीत गोळा होत नाहीये किंवा सुपारीएवढाच होतोय, तर मूत्रमार्ग तुंबला असण्याची शक्यता आहे. तो त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावा लागतो. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. रोज झारा फिरवणाऱ्याला हे पहिल्यांदा कळतं. म्हणून मी सकाळी उपसताना गोळे मोजते. चौघांचे मिळून रोज दहा-बारा भरतात. आठाच्या खाली आले की त्या दिवशी प्रत्येकावर लक्ष ठेवायचं, आधी भुऱ्यावर.